दादाची अर्धी नजर गेली आणि आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो : पक्षाघातातील वेळेचा हिशेब

मुक्ता

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला पक्षाघात झाला. त्याचे वय ५८ आहे. त्या सकाळचा क्रम मी वेळांसह लिहीत आहे, कारण वेळ नेमकी कोठे गेली हे मला समजून घ्यायचे आहे.

सकाळी ७.१० वाजता दादाने वहिनीला वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचून दाखवली. तेव्हा त्याचे वाचन आणि बोलणे नेहमीसारखे होते. त्यानंतर तो आंघोळीला गेला. ७.३५ ला बाहेर आला तेव्हा डोके मागच्या बाजूला, डावीकडे, जोरात दुखत असल्याचे त्याने सांगितले. बोलताना जीभ जड वाटत होती आणि उजव्या हाताने त्याला सदऱ्याची बटणे लावता येत नव्हती. दादाला तरुणपणापासून अर्धशिशीचा त्रास आहे, त्यामुळे ‘पुन्हा तेच’ असे तो स्वतःच म्हणाला आणि नेहमीची वेदनाशामक गोळी घेऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहिला.

८.२० च्या सुमारास मी त्याला पाहिले, तेव्हा बोलणे स्पष्ट झाले होते आणि हातही चालत होता. आम्हा सर्वांना हायसे वाटले. मात्र ९.३० ला तो उठला तेव्हा त्याचा उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. उजवीकडे ठेवलेला फोन त्याला सापडेना. वर्तमानपत्र हातात दिले, तर ‘पाणीपुरवठा’ या शब्दातले त्याने फक्त ‘पाणी’ वाचले. ‘उजव्या डोळ्याने दिसत नाही’ असे तो म्हणाला, म्हणून आम्ही त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. १० वाजता तेथे पोहोचलो आणि १०.५० ला आमचा क्रमांक आला. डॉक्टरांनी त्याचा एकेक डोळा झाकून समोर बोटे हलवली आणि दोनच मिनिटांत सांगितले, “दोन्ही डोळ्यांना उजवी बाजू दिसत नाही. हा डोळ्यांचा आजार नाही, मेंदूचा आहे. आत्ताच्या आत्ता सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात जा.”

११.२५ ला आम्ही रुग्णालयात होतो आणि ११.४५ ला स्कॅन पाहून झाला होता. रक्तस्राव नव्हता. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या धमनीची पुढची शाखा गुठळीने बंद झाली होती. त्यानंतर डॉक्टरांनी विचारले, “हे शेवटचे पूर्ण बरे असल्याचे कोणी, केव्हा पाहिले?” वहिनीने ७.१० सांगितले. साडेचार तासांची मुदत ११.४० ला संपली होती, म्हणून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता आले नाही. आज दादा चालतो, बोलतो, पण दोन्ही डोळ्यांच्या उजव्या अर्ध्या भागात त्याला काहीही दिसत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. हा पक्षाघात आहे हे आम्हाला ७.३५ लाच ओळखता आले असते का? आणि मोजणी ७.३५ पासून न होता ७.१० पासून का झाली?

वासुदेव

मुक्ताताई, वाचून फार वाईट वाटले. माझ्या मते मुख्य चूक रक्तदाब न तपासण्यात झाली. पक्षाघाताच्या वेळी दाब बहुधा वाढलेला असतो. अशा वेळी घरी यंत्र असेल तर दाब मोजावा, तो १९० च्या वर असेल तर लगेच गोळी देऊन खाली आणावा आणि त्याच वेळी ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्यावी. हृदयविकाराच्या झटक्यात हेच करतात आणि गुठळी दोन्हीकडे सारखीच असते. दाब १८५ च्या वर असेल तर ते इंजेक्शनही देत नाहीत, असे मी एका डॉक्टरांकडून ऐकले आहे. म्हणजे घरूनच दाब कमी करून नेलेले बरे.

निशांत

मी तातडीच्या विभागात पक्षाघाताचे रुग्ण पाहतो. मुक्ताताईंच्या प्रश्नांकडे येण्यापूर्वी वासुदेवरावांच्या सल्ल्याविषयी लिहितो, कारण त्यातील निम्मा भाग खरा आहे आणि म्हणूनच तो कोणी घरी करून पाहील अशी मला भीती वाटते.

इंजेक्शनपूर्वी रक्तदाब १८५ आणि ११० च्या खाली असावा लागतो, हे बरोबर आहे. मात्र तो आम्ही शिरेतून औषध देऊन, दर काही मिनिटांनी मोजत, हवा तेवढाच खाली आणतो. गुठळीच्या पलीकडचा मेंदूचा भाग लगेच मरत नाही, तो आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून येणाऱ्या थोड्याशा रक्तावर तग धरून असतो. ते रक्त तेथपर्यंत ढकलण्याचे काम त्या वाढलेल्या दाबामुळेच होत असते. घरी गोळी देऊन दाब एकदम पाडला, तर तग धरलेला भागही आपण उपाशी ठेवतो. ॲस्पिरिनचे कारण वेगळे आहे. पक्षाघात गुठळीमुळे झाला आहे की वाहिनी फुटून, हे बाहेरून पाहून मलाही सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो. हृदयविकारात हा पेच नसतो. ॲस्पिरिन आम्हीही देतो, पण स्कॅननंतर. शिवाय पक्षाघातात गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. चावायला दिलेली गोळी किंवा घोटभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये.

आता मूळ प्रश्न. ७.३५ ला जीभ जड होणे आणि एका हाताची ताकद जाणे ही दोन लक्षणे एकाच वेळी, अचानक आली होती. तेवढ्यावरून रुग्णवाहिका बोलवायला हवी होती. पण तुमची दिशाभूल का झाली, हेही मला स्पष्ट दिसते. एक तर अर्धशिशीचा इतिहास होता, आणि दुसरे म्हणजे ८.२० ला आलेली सुधारणा. मानेतून मागच्या बाजूने वर जाणाऱ्या धमन्या एकत्र येऊन एक मोठी धमनी बनते, तिच्यापासून मेंदूच्या देठाला रक्त मिळते आणि पुढे तिच्याच दोन शाखा दृष्टीच्या भागाकडे जातात. तुमच्या दादांची गुठळी बहुधा आधी खालच्या बाजूला अडकली, तेव्हा बोलणे आणि हात बिघडला. नंतर ती सुटून किंवा तुटून पुढे सरकली आणि दृष्टीच्या शाखेत जाऊन बसली. बोलणे सुधारले याचा अर्थ गुठळी नाहीशी झाली असा नव्हता, तिने केवळ जागा बदलली होती. हा माझा अंदाज आहे, पण तुम्ही दिलेला क्रम त्याच्याशी जुळतो.

अनंत_ज

मुक्ताताई, निराश होऊ नका, गेलेली दृष्टी परत येते. माझ्या पत्नीचाच अनुभव सांगतो. गेल्या रविवारी संध्याकाळी तिच्या डाव्या डोळ्यासमोर वरून खाली पडदा ओढावा तसा काळोख आला. डोके किंचित दुखत होते. आम्ही तिला शांत बसवले, डोळ्यांवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि दहा मिनिटांत सर्व पूर्ववत झाले. आज गुरुवार आहे, तिला काहीही त्रास नाही. तेव्हा आपल्या बंधूंनाही विश्रांतीने गुण येईल, असे मनापासून वाटते.

निशांत

अनंतराव, मुक्ताताईंनी दृष्टी परत येण्याविषयी विचारलेले नाही, पण आपण लिहिलेत हे फार चांगले झाले. कृपया हे वाचून झाल्यावर आजच पत्नीला रुग्णालयात घेऊन जा. उद्यावर टाकू नका.

एकाच डोळ्यापुढे पडदा पडून तो काही मिनिटांत उठणे म्हणजे डोळ्याच्या धमनीत अडकलेला बारीक कण पुढे निघून जाणे, असे पुष्कळदा असते, आणि तो कण बहुधा त्याच बाजूच्या मानेतील धमनीतून आलेला असतो. पट्ट्यांनी गुण आला नाही, कण सरकला म्हणून दिसू लागले. ज्या ठिकाणाहून तो सुटला ते ठिकाण अजून तसेच आहे. अशा तात्पुरत्या झटक्यानंतर खऱ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. ते दोन दिवस निघून गेले आहेत, पण धोका संपलेला नाही. मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी किंवा अँजिओग्राफी, ईसीजी आणि मेंदूचा स्कॅन आजच होणे आवश्यक आहे.

रेवती

मला सतराव्या वर्षापासून ऑरासह अर्धशिशी आहे आणि हे वाचून माझी झोप उडाली आहे. माझ्या प्रत्येक झटक्यात दृष्टीचा त्रास होतो. आधी नजरेच्या मध्याजवळ एक लहानसा चमकणारा ठिपका दिसतो, त्याची नागमोडी, लखलखणारी रेघ होते, ती हळूहळू कडेकडे पसरत जाते, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ती विरल्यावर डोके दुखू लागते. दोनदा बोटांना आणि ओठांना मुंग्याही आल्या आहेत. प्रत्येक वेळी मी रुग्णवाहिका बोलवायची का? ते शक्य नाही. मग मुक्ताच्या दादांनी ‘पुन्हा तेच’ म्हटले, यात त्यांचे काय चुकले?

निशांत

त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, पण तुमचे वर्णन आणि त्यांचे वर्णन शेजारी ठेवले की फरक दिसू लागतो.

तुमच्या झटक्यात काहीतरी जास्तीचे दिसते : चमक, रेघ, मुंग्या. त्यांच्या बाबतीत काहीतरी नाहीसे झाले : अर्धी दृष्टी, हाताची ताकद, बोलण्याची स्पष्टता. तुमचे लक्षण पसरत जाते आणि पसरायला वीस मिनिटे घेते, आणि एक ओसरल्यावर दुसरे सुरू होते. त्यांची लक्षणे, आपल्याला कळते त्यावरून, एकदम आणि एकत्र आली. तुमची डोकेदुखी ऑरानंतर येते, त्यांची लक्षणांसोबतच होती. हे तीन फरक मी स्वतः रुग्णाला विचारतो.

मात्र या फरकांच्या आधारे घरी बसून निर्णय घेता येईल असे समजू नका. मागच्या भागातील पक्षाघातातही कधी कधी चमक दिसते. तुम्हाला स्वतःचा झटका पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवाने ओळखीचा झाला आहे, आणि हाच तुमचा सर्वांत उपयोगी निकष आहे. जो झटका त्या ओळखीच्या क्रमाने आला नाही, एकदम आला, ज्यात हाता-पायाची ताकद गेली किंवा तासाभरानंतरही दृष्टी परतली नाही, त्याला अर्धशिशी म्हणू नका. ऑरासह अर्धशिशी असणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा थोडा अधिक आढळतो, म्हणून धूम्रपान टाळणे आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलणे तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे.

रेवती

धन्यवाद. दादांना त्यांचा नेहमीचा झटका कसा येत असे, मुक्ता? त्यांना कधी काही चमकताना दिसत असे का?

मुक्ता

वहिनीला विचारले. दादाला कधीच काही दिसत नसे. डोके नेहमी पुढच्या बाजूला, कपाळावर ठणकत असे, उलटी झाली की उतरत असे. मागच्या बाजूला ते कधीच दुखले नव्हते. आणि गेल्या सात-आठ वर्षांत एकही झटका आला नव्हता. हे सर्व आम्हाला माहीत होते, पण त्या क्षणी ‘डोके दुखते’ एवढ्या दोन शब्दांनीच आमचे समाधान झाले.

सायली

मी रुग्णवाहिकेवर काम करते. अशा घरी आम्ही गेलो, तर चेहरा वाकडा झाला आहे का, दोन्ही हात समोर धरल्यावर एक खाली येतो का आणि एखादे वाक्य नीट म्हणता येते का, हे तीन तपासतो. ८.२० ते ९.३० दरम्यान आम्ही आलो असतो, तर दादा या तिन्ही चाचण्यांत उत्तीर्ण झाले असते, हे मला प्रामाणिकपणे सांगावेसे वाटते. मेंदूच्या मागच्या भागाचा पक्षाघात या चाचणीतून निसटतो. म्हणूनच आता पुष्कळ ठिकाणी तोल आणि दृष्टी याही दोन गोष्टी तीत धरतात.

दृष्टीची तपासणी कोणीही करू शकतो. रुग्णाच्या समोर बसायचे, त्याला एक डोळा झाकून आपल्या नाकाकडे पाहायला सांगायचे, आणि आपल्या हाताची बोटे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे हलवून ‘दिसली का’ विचारायचे. मग दुसरा डोळा झाकून तेच करायचे. त्या नेत्रतज्ज्ञांनी हेच केले. ‘उजव्या डोळ्याने दिसत नाही’ असे म्हणणाऱ्या पुष्कळ जणांना प्रत्यक्षात दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू दिसत नसते, आणि ते त्यांना स्वतःला सांगता येत नाही. वाटेत वस्तूंवर आपटणे आणि शब्दाचा शेवट गळणे, हे घरच्यांना आधी दिसते. अर्थात ही तपासणी करण्यासाठी फोन करायचा थांबू नये, फोन लागेपर्यंत करावी.

आणखी एक, फोनवर ‘चक्कर आली’, ‘अस्वस्थ वाटते’ असे सांगितले जाते आणि मग आमच्याकडे निरोप त्याच शब्दांत येतो. ‘अचानक बोलणे अडखळले, उजव्या हाताची ताकद गेली, शेवटचे ठीक ७.१० ला पाहिले’ असे सांगितले तर रुग्णालयाला आधीच कळवता येते आणि स्कॅनचे यंत्र मोकळे ठेवले जाते.

वासुदेव

माझी चूक मान्य करतो, ॲस्पिरिनचा सल्ला मी मागे घेतो. पण एक शंका आहे. माझ्या सासऱ्यांच्या वेळी पहिला सीटी स्कॅन नॉर्मल आला होता आणि तरीही डॉक्टरांनी पक्षाघात म्हणून इंजेक्शन दिले. आम्ही तेव्हा त्यावरून बराच वाद घातला होता. स्कॅनमध्ये काही नसताना असे धोक्याचे औषध का द्यायचे?

निशांत

कारण पहिल्या काही तासांत गुठळीचा पक्षाघात साध्या सीटी स्कॅनवर बहुधा दिसतच नाही. ताजे रक्त मात्र लगेच पांढरे दिसते. आम्ही तो स्कॅन गुठळी शोधण्यासाठी नव्हे, तर रक्तस्राव नाही ना हे पाहण्यासाठी करतो. सासऱ्यांचा स्कॅन नॉर्मल होता म्हणूनच ते इंजेक्शन देता आले. उलट, स्कॅनवर मोठा काळसर भाग स्पष्ट दिसू लागला असेल, तर तो भाग बहुतांशी मेलेला असतो. स्कॅनसोबत रक्तातील साखर आम्ही पहिल्याच मिनिटाला तपासतो, कारण साखर फार खाली गेली तर हुबेहूब पक्षाघातासारखे चित्र दिसते आणि ते ग्लुकोजने सुधारते.

धोक्याविषयीची आपली शंका रास्त होती. १९९५ मधील ज्या अभ्यासामुळे हे औषध प्रचारात आले, त्यात औषध दिलेल्या शंभरांपैकी सुमारे सहा रुग्णांना त्रासदायक रक्तस्राव मेंदूत झाला. तरीही तीन महिन्यांनंतर औषध मिळालेले रुग्ण अधिक संख्येने स्वावलंबी होते. तेव्हा मुदत तीन तास होती, २००८ च्या अभ्यासानंतर ती साडेचार तास झाली.

आणि येथे मला ‘साडेचार तासांच्या आत’ या शब्दप्रयोगाविषयी थोडे लिहावेसे वाटते, कारण लोक त्याचा अर्थ गाडी सुटण्याच्या वेळेसारखा घेतात, म्हणजे अगदी वेळेवर पोहोचले तरी जागा मिळेलच. तसे नाही. अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केल्यावर असे दिसले, की पहिल्या दीड तासात औषध दिले तर दर चार-पाच रुग्णांमागे एक जास्तीचा रुग्ण जवळजवळ पूर्ण बरा होतो, दीड ते तीन तासांत दर नऊ रुग्णांमागे एक, आणि तीन ते साडेचार तासांत दर चौदा रुग्णांमागे एक. औषध तेच आणि मात्रा तीच असते, मात्र त्याला वाचवायला उरलेला मेंदू कमी झालेला असतो. मोठी धमनी बंद असताना सरासरी दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. तो सरासरीचा आहे. बाजूच्या वाहिन्या चांगल्या असतील तर एखाद्याचा मेंदू दहा तास तग धरतो आणि दुसऱ्याचा दोन तासांतच संपतो. आपला रुग्ण यांपैकी कोणता, हे दारात कोणालाच माहीत नसते.

मुक्ता

मग ७.१० च का? लक्षणे ७.३५ ला दिसली. त्या पंचवीस मिनिटांसाठी आम्हाला शिक्षा झाल्यासारखे वाटते.

निशांत

लक्षणे ७.३५ ला तुम्हाला दिसली, सुरू केव्हा झाली हे माहीत नाही. ती ७.१२ ला सुरू झालेली असू शकतात. मेलेल्या भागात रक्त पुन्हा जोराने सोडले तर तेथेच रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून आम्हाला सर्वांत वाईट शक्यता धरून मोजावे लागते. रात्री दहाला झोपलेला माणूस सकाळी सहाला लक्षणांसह उठला, तर मोजणी रात्री दहापासून होते. अशा रुग्णांसाठी २०१८ पासून एक मार्ग आहे. एमआरआयच्या एका चित्रात इजा दिसते आणि दुसऱ्यात अजून उमटलेली नसते, तेव्हा ती ताजी आहे असे मानून औषध देता येते. ती सोय तुमच्या रुग्णालयात होती का?

मुक्ता

नव्हती. आणि गुठळी तारेने ओढून काढण्याचा पर्यायही नाही, असे सांगितले.

निशांत

गुठळी ओढून काढण्याची पद्धत मोठ्या धमन्यांसाठी २०१५ पासून सिद्ध झाली आहे, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही ती उपयोगी पडते. मात्र तुमच्या दादांची बंद झालेली शाखा लहान आणि लांबची होती. तशा शाखांवर २०२५ मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा दिसला नाही. त्यामुळे तो निर्णय मला योग्य वाटतो.

सायली

यावरून आमच्यात नेहमी वाद होतो, तो येथे विचारते. जवळ इंजेक्शन देणारे लहान रुग्णालय आहे आणि तासाभराच्या अंतरावर गुठळी काढणारे मोठे. कोठे जावे? माझे मत असे, की जवळच्या ठिकाणी जाऊन इंजेक्शन आधी घ्यावे. माझे काही सहकारी म्हणतात, की तेथे जाऊन पुन्हा हलवण्यात दोन तास जातात.

निशांत

दोघांचेही म्हणणे बरोबर ठरू शकते. कॅटालोनियात हाच प्रश्न घेऊन रुग्णांची विभागणी करून पाहिली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा तीन महिन्यांनंतरच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. पण तेथे पहिल्या रुग्णालयातून हलवण्याची व्यवस्था अतिशय वेगवान आहे. जेथे एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठवायला अर्धा दिवस लागतो, तेथे तो निष्कर्ष लागू करायला मी कचरेन. ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन चालू स्थितीत नाही, तेथे मात्र कितीही जवळ असले तरी जाऊ नये, एवढे मी खात्रीने म्हणतो.

अनंत_ज

काल रात्री उशिरा परतलो, म्हणून आता लिहीत आहे. पत्नीच्या मानेतील डाव्या बाजूची धमनी बरीच अरुंद झालेली आढळली. मेंदूच्या स्कॅनमध्ये दोन लहान ताजे ठिपके दिसले, त्यांची तिला काहीच जाणीव नव्हती. औषधे सुरू झाली आहेत आणि दोन आठवड्यांच्या आत धमनी साफ करण्याची शस्त्रक्रिया करावी, असे सुचवले आहे. तिला काहीच त्रास नसताना शस्त्रक्रिया करावी की नाही, याविषयी घरात एकमत नाही. निशांतजी, आपले ऋण कसे मानावे ते समजत नाही.

निशांत

अनंतराव, त्रास झालेला आहे, तो दहा मिनिटांत गेला एवढेच. त्या ठिपक्यांचा अर्थ आपल्या शल्यविशारदांकडून नीट समजून घ्या आणि धोका व फायदा दोन्ही आकड्यांत विचारा. वय आणि हृदयाची स्थिती पाहिल्याशिवाय मी येथून निर्णय सुचवणार नाही. मात्र घरातील चर्चा आठवडेच्या आठवडे लांबू देऊ नका, कारण अशा शस्त्रक्रियेचा फायदाही दिवसांगणिक कमी होत जातो.

सायली

मुक्ता, एक विचारते. ७.१० ते ७.३५ या वेळात दादांशी कोणाचेही बोलणे झाले नव्हते का? दारापलीकडून तरी?

मुक्ता

सायली, तुमचा प्रश्न वाचून मी पुतण्याला विचारले. तो ७.३० ला शिकवणीला निघाला, आणि निघताना त्याने न्हाणीघराच्या दाराबाहेरून ‘बाबा, गाडीची किल्ली कोठे आहे’ असे विचारले होते. दादाने ‘टेबलाच्या खणात’ असे आतून स्पष्ट सांगितले. पुतण्याला वेळ आठवते, कारण त्याला उशीर झाला होता. रुग्णालयात तो आमच्याबरोबर नव्हता आणि त्याला कोणीच विचारले नाही. ७.३० धरले असते तर मुदत १२ वाजेपर्यंत होती. स्कॅन ११.४५ ला झाला होता. म्हणजे पंधरा मिनिटे हातात होती. हे मी अजून वहिनीला सांगितलेले नाही.

निशांत

मुक्ताताई, हे मी तीनदा वाचले. मी त्या दिवशी कर्तव्यावर असतो आणि मला ही गोष्ट ११.४५ ला कळली असती, तर मी काय केले असते, याचा विचार करतो आहे.

त्या उत्तरावरून बोलणे ७.३० ला स्पष्ट होते, हे कळते. दृष्टी कशी होती, हे कळत नाही. बंद दाराआड, ओळखीच्या जागेत, अंगावर पाणी घेणाऱ्या माणसाची अर्धी दृष्टी गेली असती, तरी किल्लीचे उत्तर त्याने तसेच दिले असते. शेवटचे पूर्ण बरे पाहिल्याची वेळ म्हणजे एकही लक्षण नसल्याची खात्री असलेली वेळ. काही डॉक्टरांनी ७.३० ग्राह्य धरली असती, विशेषतः बोलणे आणि हात आधी बिघडला असे तुमचे निरीक्षण असल्यामुळे. काहींनी धरली नसती. मी स्वतः बहुधा धरली असती, पण माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी तेच करायला लावू शकलो नसतो. आणि दिले असते तरी ते अगदी शेवटच्या टप्प्यात, दर चौदांमागे एकाच्या हिशेबातले असते.

वहिनींनी ७.१० सांगितले ते खरेच होते, त्यांनी तेवढेच पाहिले होते. घरातील प्रत्येकाला वेगवेगळे विचारण्याची जबाबदारी आमची असते.

मुक्ता

हे तुमचे शेवटचे वाक्य मी वहिनीला वाचून दाखवेन. हृदयाच्या ठोक्यांच्या चोवीस तासांच्या नोंदीत दादाचे ठोके मधूनमधून अनियमित होत असल्याचे आढळले आहे आणि गुठळी तेथूनच आली असावी, असे डॉक्टर म्हणतात. रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू झाले आहे. पुढच्या महिन्यात दृष्टिक्षेत्राची तपासणी पुन्हा आहे. गाडी चालवू नये असे त्याला सांगितले आहे. काल तो वर्तमानपत्र वाचताना उजव्या कडेला लाल पट्टी ठेवून, ती दिसेपर्यंत मान वळवत, प्रत्येक ओळ पूर्ण करत होता. एका बातमीला त्याला वीस मिनिटे लागली.